भाषण छापताना 'लेकरं' राहू द्या, 'सांगितल्या गेले' काढा

प्रश्न: सर, मी परभणी जिल्ह्यातल्या एका प्रशालेत मराठी शिकवते. स्नेहसंमेलनातलं आमच्या मुख्याध्यापकांचं भाषण वार्षिक अंकात छापायचं ठरलंय. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून मी ते जसंच्या तसं उतरवलं. मंडपात ऐकताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कागदावर मात्र ते विस्कळीत दिसतंय. शुद्ध करायला घेतलं की ते सरांचं राहत नाही, कुठल्यातरी परिपत्रकासारखं होतं. कुठवर हात लावायचा? एक उतारा सोबत पाठवते.

उत्तर:

ताई, पहिलं काम कागदावरचं नाही, कानाचं आहे. रेकॉर्डिंग पुन्हा लावा आणि या वेळी शब्द ऐकू नका, सर कुठे थांबतात तेवढं ऐका. जिथे थांबले तिथे कागदावर पेन्सिलने एक उभी रेघ मारा. उतरवून काढताना आपण 'आणि', 'मग', 'तर' इमानाने लिहितो, पण थांबणं लिहायचं राहून जातं. मंडपात त्या थांबण्यानेच अर्थ पोहोचवलेला असतो. मग कागदावर सहा ओळींचं एकच वाक्य दिसतं आणि आपल्याला वाटतं की भाषा बिघडली आहे. बऱ्याचदा बिघडलेलं काहीच नसतं, फक्त पूर्णविराम हरवलेले असतात.

तुमच्या उताऱ्यातला हा भाग घेऊ:

"तर मग बघा, गेली बारा वर्षापासून आपली शाळा जी आहे ती या भागातल्या लेकरायसाठी काम करायली, पहिले काय व्हायचं की सातवी झाली की पोरी घरी बसायच्या म्हणजे पाण्याला जायच्या, लहान्या भावंडाला सांभाळायच्या, मग मॅडमनी काय केलं की घरोघर जाऊन त्यायच्या आईला समजावून सांगितल्या गेलं, आई म्हणायची शिकून काय करती ती आखरीला चूलच फुकायची हाय ना, तरी मॅडम जातच राहिल्या आणि यंदा दहावीला आपल्या चौदा पोरी बसल्या आणि चौदाच्या चौदा पास झाल्या, एकीला तर तालुक्यात दुसरा नंबर भेटला, आईबाप उसतोडीला गेलते तरी आजीपाशी राहून शिकल्या तर मॅडमचं कौतुक करावं तितकं कमीच आहे, मी त्यांचे मनापासून धन्यवाद मानतो."

सरांना सांगायचं काय आहे आणि ते कोणत्या क्रमाने सांगायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आधी मुली घरी बसायच्या, मग मॅडम गेल्या, आया नाही म्हणाल्या, तरी मॅडम जात राहिल्या, मग निकाल लागला. हा क्रम हलवू नका. त्यात तुम्ही किंवा मी भर घालावी असं काही नाही.

रेघा मारून झाल्या की काही शब्द आपोआप गळतात. 'तर मग बघा', 'जी आहे ती', 'काय केलं की', 'काय व्हायचं की' हे सगळे सभेचे शब्द. मागच्या रांगेतली कुजबुज थांबावी, पुढचं वाक्य मनात जुळावं, यासाठी बोलणारा ते वापरतो. वाचणाऱ्यासमोर कागद स्थिर असतो, त्याला त्यांची गरज नाही. पण 'चौदाच्या चौदा' ही पुनरुक्ती त्या जातीची नाही. तिथे सरांनी वेळ काढलेला नाही, जोर दिलेला आहे. ती काढून 'सर्व मुली' केलंत तर परिच्छेदाचा कणाच जाईल. एखादी पुनरुक्ती ठेवायची की काढायची, हे ठरवायला मी ती काढून वाक्य मोठ्याने म्हणून पाहतो. काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही तर ती गेलीच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 'करायली', 'लेकरायसाठी', 'त्यायच्या', 'गेलते' ही आपल्याकडची बोलीरूपं तुम्ही पहिल्याच वाचनात टिपली असणार. 'करत आहे', 'लेकरांसाठी', 'त्यांच्या', 'गेले होते' हे बदल करायला कुणाला विचारावं लागत नाही. ही रूपं कानाला लगेच बोली म्हणून कळतात, म्हणून ती सहसा छापलीही जात नाहीत. खरं नुकसान होतं ते आपल्याला बोली वाटतच नाहीत अशा रूपांनी. मराठवाड्यातले पदवीधर, शिक्षक, पत्रकार सगळेच ती सहज बोलतात आणि लिहितातही. तुमच्या उताऱ्यात अशा पाच जागा आहेत.

सगळ्यांत आधी 'सांगितल्या गेलं'. 'शिकवल्या जाते', 'दिल्या गेले', 'सत्कार केल्या गेला' अशी रूपं आपल्याकडच्या आणि विदर्भातल्या छापील मजकुरात मला नेहमी सापडतात. प्रमाण मराठीत या रचनेतलं पहिलं क्रियारूप कर्माप्रमाणे बदलतं: विषय शिकवला जातो, भाषा शिकवली जाते, गणित शिकवलं जातं, मुलं शिकवली जातात. 'शिकवल्या' हे प्रमाण मराठीत स्त्रीलिंगी अनेकवचनाचं रूप आहे, 'कविता शिकवल्या जातात' हे बरोबरच. 'शिकवल्या जाते' यात मात्र ते कशाशीच जुळत नाही, विषय असो की भाषा, तसंच राहतं. अंक छापून आला की पुण्याचा, नाशिकचा वाचक तिथे अडखळतो, आपल्याला मात्र काही खटकत नाही. म्हणून मजकूर संगणकावर असेल तर मी 'ल्या जा' आणि 'ल्या गे' हे दोन तुकडे शोधून प्रत्येक जागा तपासतो. 'गेल्या जानेवारीत' किंवा 'कविता शिकवल्या जातात' यांसारखी बरोबर वाक्यंही त्या शोधात येतात, ती सोडून द्यायची.

पण या वाक्यात फक्त रूप बदलून भागणार नाही. वाक्य सुरू झालं 'मॅडमनी' असं, म्हणजे करणारी व्यक्ती समोर आहे. शेवटी मात्र 'सांगितल्या गेलं' म्हणताना ती अदृश्य झाली. याचं 'मॅडमनी समजावून सांगितले गेले' केलंत तर व्याकरणाची चूक नव्या जागी जाईल, एवढंच. 'मॅडमनी समजावून सांगितले', संपलं वाक्य. भाषणात माणूस वाक्याच्या मध्येच रस्ता बदलतो आणि ऐकणारा त्याच्याबरोबर वळतो. वाचणारा वळत नाही, तो मागे जाऊन कर्ता शोधतो. म्हणून प्रत्येक क्रियापदापाशी थांबून 'हे कोणी केलं?' असं विचारायची सवय ठेवा. उत्तर त्याच वाक्यात सापडलं पाहिजे.

दुसरी जागा 'गेली बारा वर्षापासून'. यात दोन बरोबर रचना एकमेकींत मिसळल्या आहेत. 'गेली बारा वर्षे' ही स्वतःच पूर्ण आहे, तिला 'पासून' लागत नाही. 'पासून' हवंच असेल तर 'गेल्या बारा वर्षांपासून' असं होईल, आणि 'वर्षां'वर अनुस्वार येईल, कारण वर्षं एकाहून जास्त आहेत. हा अनुस्वार बोलताना ऐकू येत नाही, म्हणून उतरवताना तो हमखास सुटतो. 'भावंडाला' हेही तसंच, भावंडं अनेक असतील तर 'भावंडांना'. आदरार्थी बोलतानाही हाच नियम लागतो. मुख्याध्यापक एकच असले तरी 'मुख्याध्यापकांचे', 'अध्यक्षांनी', 'सरांना' असंच लिहायचं. स्नेहसंमेलनाच्या भाषणात मान्यवरांचे उल्लेख ठायी ठायी येतात, त्यामुळे एवढ्याच एका गोष्टीसाठी मजकूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वेगळा वाचा.

'पहिले काय व्हायचं' यातलं 'पहिले' आणि 'नंबर भेटला' यातलं 'भेटला' ही तिसरी आणि चौथी जागा. उर्दू-हिंदीच्या शेजारामुळे 'पहिले' हा शब्द आपल्याकडे 'पूर्वी' या अर्थाने रुळला आहे. लिहिताना 'पहिले' म्हणजे क्रमाने पहिले, आणि काळ सांगायचा असेल तर 'पूर्वी' किंवा 'आधी'. माणूस भेटतो, वस्तू मिळते. बक्षीस, पगार, पुस्तक, नंबर यांपैकी काहीच लेखी मराठीत भेटत नाही. इथे मात्र 'दुसरा क्रमांक मिळाला' असं करायच्या आधी जरा थांबा. मराठीत आपण सहज म्हणतो, 'ती तालुक्यात दुसरी आली'. यात क्रमांक नाही, मिळणं नाही, आणि वाक्य सरांच्या तोंडी शोभतं. लेखी रूप शोधताना जड शब्दाकडे हात आपोआप जातो. जवळचा मराठी शब्द त्याच्या अलीकडेच असतो. त्याच कारणाने 'पास झाल्या' हेही मी 'उत्तीर्ण' करणार नाही.

पाचवी जागा सोपी आहे: आभार मानतात, धन्यवाद देतात. 'धन्यवाद मानतो' हे या दोहोंचं मिश्रण. आभारप्रदर्शनाच्या मजकुरात तर ते हटकून येतं.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे, सरांचं भाषण सरांचं कसं राहील. सुरुवातीच्या वर्षांत मी एका संस्थेच्या स्मरणिकेचं मुद्रितशोधन केलं होतं. तिथल्या एका वृद्ध विश्वस्तांच्या भाषणात 'लेकरं' हा शब्द पुन्हा पुन्हा आला होता. मी सगळीकडे 'विद्यार्थी' केला. व्याकरण निर्दोष झालं. अंक हातात पडल्यावर त्यांनी शांतपणे वाचला आणि विचारलं, "हे कोणाचं भाषण आहे?" तेव्हापासून बोलीतला शब्द आणि बोलीतलं व्याकरण मी वेगवेगळं धरतो. 'लेकरं', 'पाण्याला जाणं', 'आजीपाशी', 'आईबाप', 'यंदा' हे मराठी शब्द आहेत, कोशात आहेत, लेखनात पूर्ण मानाने चालतात. त्यांना हात लावायचं कारण नाही. 'लेकरायसाठी'मधला फक्त प्रत्ययाचा भाग प्रमाण करायचा, 'लेकरांसाठी'. 'पोरी'ला मी 'मुली' करीन. बोलताना त्यात माया असते, छापल्यावर पालकांना ती ऐकू येईलच असं नाही. पण सरांनी 'पोरी'च राहू द्या म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

आईचं वाक्य मात्र अजिबात बदलू नका. 'शिकून काय करती ती, आखरीला चूलच फुकायची हाय ना' हे सर बोलत नाहीत, ती आई बोलते आहे. तिच्या तोंडी 'शेवटी तिला स्वयंपाकच करायचा आहे' हे वाक्य घातलंत तर त्या घरातला अंधार कागदावर येणारच नाही. अवतरणचिन्हं द्या आणि आतला शब्दन् शब्द तसाच ठेवा. फक्त 'आई म्हणायची' इथे एक अडचण आहे. मागे अनेक मुली आहेत, त्यामुळे आई एकच कशी? 'एखादी आई म्हणायची' केलं की भागतं.

इथेच 'असं केलं' लिहायचं की 'असे केले' हा प्रश्न सुटतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १८ आहेत, १४ नियम १९६२ चे आणि ४ नियम १९७२ साली वाढवलेले. पात्राच्या तोंडचं बोलणं जसं उच्चारतात तसं लिहायचं असेल तर 'असं, केलं, सांगितलं' अशी अनुस्वाराची रूपं आणि एरवी 'असे, केले, सांगितले' अशी एकारान्त रूपं, ही सोय त्यांत आहे. हे उत्तर मी तुमच्याशी बोलतो आहे म्हणून अनुस्वाराने लिहितो आहे. वार्षिक अंकात सरांचं निवेदन एकारान्त ठेवा आणि अवतरणातली माणसं बोलतात तशी बोलू द्या. मग वाचणाऱ्याला दोन आवाज वेगळे ऐकू येतात. एका परिच्छेदात 'सांगितलं' आणि पुढच्यात 'सांगितले', अशी सरमिसळ तेवढी होऊ देऊ नका.

आता मी केलेली दुरुस्ती बघा:

"गेली बारा वर्षे आपली शाळा या भागातल्या लेकरांसाठी काम करत आहे. पूर्वी सातवी झाली की मुली घरी बसायच्या. पाण्याला जायच्या, लहान भावंडांना सांभाळायच्या. मग मॅडमनी घरोघर जाऊन त्यांच्या आयांना समजावून सांगितले. एखादी आई म्हणायची, 'शिकून काय करती ती? आखरीला चूलच फुकायची हाय ना!' तरी मॅडम जातच राहिल्या. यंदा आपल्या चौदा मुली दहावीला बसल्या आणि चौदाच्या चौदा पास झाल्या. त्यांतली एक तर तालुक्यात दुसरी आली. काही जणींचे आईबाप ऊसतोडीला गेले होते, तरी त्या आजीपाशी राहून शिकल्या. मी मॅडमचे मनापासून आभार मानतो."

'कौतुक करावं तितकं कमीच आहे' हे मी काढलं आहे. आधीच्या नऊ वाक्यांनी कौतुक करून झालेलं आहे. त्याच्या जागी 'नेत्रदीपक यश संपादन केले' किंवा 'मॅडमचे मोलाचे योगदान लाभले' असं काही घालायचा मोह होईल, तो टाळा. स्नेहसंमेलनाच्या अहवालात 'संपन्न झाला', 'उपस्थिती लाभली', 'शुभहस्ते' हे शब्द पुष्कळ असतात. सरांच्या भाषणात ते नव्हते, म्हणूनच लोकांचे डोळे भरून आले.

मात्र हे वाक्य काढणं आणि 'काही जणींचे' हा शब्द घालणं, या दोन्ही गोष्टी सरांना विचारूनच पक्क्या करा. रूप बदललं तर ते आपलं काम, मजकूर बदलला तर बोलणाऱ्याची परवानगी हवी, एवढी मर्यादा मी पाळतो. मूळ वाक्यावरून चौदाही मुलींचे आईबाप ऊसतोडीला गेले होते असं वाटतं. मंडपात तो मुद्दा कुणी धरला नसेल, पण छापल्यावर गावातला एखादा पालक 'आम्ही तर गावातच होतो' म्हणेल. तसंच बारा वर्षं शाळेची की या कामाची, तेही विचारून घ्या. असे प्रश्न एका वेगळ्या कागदावर लिहा, प्रत्येकापुढे पान आणि ओळ टाका आणि सरांकडे एकदाच जा. दर तासाला एक प्रश्न घेऊन गेलात तर तेही कंटाळतील आणि उत्तरंही घाईची मिळतील.

शुद्धलेखन सगळ्यांत शेवटी. वाक्यं बदलत असताना वेलांट्या बघणं म्हणजे त्याच ओळी दोनदा तपासणं. तुमच्या कागदांवर मला तीन प्रकारच्या चुका जास्त दिसल्या. 'उस' नव्हे, 'ऊस'. पण प्रत्यय लागला की 'उसाचा', 'उसाला', जसं 'मूल' आणि 'मुलांना'. 'ऊसतोड' हा समास आहे, त्यात 'ऊस' मूळ रूपातच आहे, म्हणून तिथे दीर्घच. दुसरं, 'मुक्ती' सुटा लिहिताना दीर्घ, पण समासात पहिला आला की ऱ्हस्व. सरांनी १७ सप्टेंबरचा उल्लेख केला आहे, तो 'मराठवाडा मुक्तिसंग्राम' असाच छापा. भाषणाच्या सुरुवातीचं संबोधनही याच नियमाने 'विद्यार्थिमित्रहो' होईल. तिसरं, 'उज्ज्वल' यात ज दोनदा येतो, कारण मूळ 'उत्' आणि 'ज्वल' असं आहे. 'दीपप्रज्वलन' यात मात्र 'प्र' आणि 'ज्वलन', म्हणून ज एकदाच. लोक नेमकं उलटं लिहितात.

मोबाइलवर टाइप केलेल्या मजकुरात आणखी एक गोष्ट बघा. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं असतं, कारण 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे आणि घाईत साधा 'र' दाबला जातो. आभाराच्या भागात तर अर्थच बदलेल. जेवण केलेल्या 'आचाऱ्यांचे' आभार मानायचे आहेत, ते 'आचार्यांचे' होतील.

पानं छापखान्यात जाण्याआधी त्या चौदा मुलींच्या नावांची चौकट तपासा. गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवरून किंवा आठवणीवरून नको, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून तपासा. दोघी मिळून बसा. एकीने रजिस्टरमधलं नाव वेलांटी-उकारासकट मोठ्याने वाचायचं, दुसरीने छपाईच्या पानावर प्रत्येक अक्षराखाली पेन्सिल ठेवत जायचं. 'ज्योती'ची वेलांटी कोणती, 'रूपाली'चा उकार कोणता, आडनावावर अनुस्वार आहे की नाही, हे सगळं उच्चारून. चौदा नावांना अर्धा तास लागेल. आणि मोजून बघा, नावं चौदाच भरली पाहिजेत.